सहा जणांचं एक न्हाणीघर : टॉवेल, हूक आणि दांडीचं गणित

एकाच न्हाणीघरात सहा जण अंघोळ करत असतील, तर पसारा बहुतेक वेळा टॉवेलांचा असतो. घरातले लोक बेशिस्त असतात असं नाही. ओल्या टॉवेलाला जागा लागते एक आणि कोरड्या टॉवेलाला लागते दुसरी, पण आपण दोघांना एकाच दांडीवर बसवतो आणि तिथेच गणित चुकतं. ओला टॉवेल पसरून, हवा लागेल असा टांगावा लागतो. कोरडा टॉवेल मात्र घडी करून ठेवला तरच नीट दिसतो. ओल्याची घडी केली तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो, आणि कोरडा नुसता लोंबत ठेवला तर खोली अस्ताव्यस्त दिसते. म्हणून ओल्यासाठी हूक आणि कोरड्यासाठी दांडी, अशी विभागणी आधी ठरवायची. बाकीचं सगळं त्यानंतर.

खाली एक नेहमीचं उदाहरण घेतलं आहे. जळगाव-भुसावळकडच्या घरांत सर्रास दिसणारं ४ बाय ७ फुटांचं न्हाणीघर, घरात आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं. बादलीनं अंघोळ, नळ आतल्या टोकाला, बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. तुमचं माप वेगळं असेल, पण हिशोबाची रीत तीच राहील.

टॉवेल आधी, हूक नंतर

बहुतेक जण आधी हूक ठोकतात आणि मग टॉवेल आणतात. उलटं करा, कारण हूक किती उंचीवर आणि किती अंतरावर लावायचा हे टॉवेलाच्या मापावर ठरतं.

मोठ्या माणसांच्या टर्किश टॉवेलाचं सर्वात सहज मिळणारं माप म्हणजे ३० बाय ६० इंच. मुलांसाठी २४ बाय ४८ पुरतो. हात पुसायचा नॅपकिन साधारण १६ बाय २४ चा. सगळ्या मोठ्यांना एकाच मापाचे, एकाच बनावटीचे टॉवेल घ्या. सुती कापड धुतल्यावर थोडं आटतं आणि प्रत्येक बनावटीचं आटणं वेगळं असतं. दोन महिन्यांनी घड्या एकमेकींशी जुळेनाशा होतात ते यामुळेच.

जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. एकाच न्हाणीघरात सहा जण असतील तर ३५० ते ४०० च्या आसपासचा टॉवेल घ्या. दुकानात हाताला ६०० चा टॉवेल फार सुखद वाटतो, पण तो पाणी जास्त धरतो, उशिरा वाळतो आणि त्याची घडी इतकी फुगते की दांडीवर दोनच्या जागी एकच मावतो. जळगावच्या फुले मार्केटमध्ये घ्या नाहीतर थेट सोलापूरहून मागवा, लेबलवरच्या आकड्याची खात्री घरच्या काट्यावर करता येते. ३० बाय ६० इंचाच्या टॉवेलाचं क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर भरतं. टॉवेलाचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि १.१६ ने भागा. ४६५ ग्रॅम भरला तर तो ४०० चा. ७०० ग्रॅमच्या जवळ गेला तर ६०० चा, तो या कामाचा नाही.

आता काठ बघा. दोन्ही टोकांना जी नक्षीची सपाट पट्टी असते ती पुष्कळदा वेगळ्या धाग्याची असते. धुतल्यावर मधलं कापड आटतं आणि पट्टी आटत नाही, किंवा पट्टीच जास्त आटते. मग टॉवेलाच्या टोकाला चुण्या पडतात आणि कितीही जपून घडी केली तरी कडा सरळ येत नाही. रुंद चकचकीत काठाचा टॉवेल दुकानात छान दिसला तरी सोडून द्या. अरुंद, साधा काठ आणि चारही बाजूंना दुहेरी शिलाई एवढं पाहून घ्या.

रंगाचं म्हणाल तर आपल्याकडे बोअरच्या पाण्याला क्षार फार. पांढरा टॉवेल त्यात लवकर मळकट दिसू लागतो. गर्द रंगाचे पहिले काही धुणे रंग सोडतात. राखाडी, फिकट निळा, बदामी असा मधला एकच रंग सगळ्यांना घ्या. एकाच रंगाचे सहा टॉवेल ओळीनं लटकले की निम्मं काम तिथेच होतं. मग कोणाचा कोणता हे कसं कळायचं? ते काम नाडीचं.

माणशी दोन टॉवेल, म्हणजे बारा. पाहुण्यांसाठी दोन जास्तीचे. नॅपकिन चार. याहून जास्त घेऊ नका, कारण जास्तीचे टॉवेल कपाटात न राहता दाराच्या मागे येऊन बसतात. आजोबांना पंचाच आवडत असेल तर तो राहू द्या. पातळ कापड असल्यानं तो पावसाळ्यातही टर्किश टॉवेलापेक्षा खूप आधी वाळतो. फक्त त्याचा हूकही ठरलेला हवा.

नाडी कुठे शिवायची

या लेखातली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच. बाजारच्या पुष्कळ टॉवेलांना नाडी नसतेच, आणि मग आपण टॉवेल कोपऱ्यानं अडकवतो. ३० बाय ६० चा टॉवेल कोपऱ्यात धरला की समोरचा कोपरा ६७ इंच खाली येतो. हूक जमिनीपासून साडेपाच फुटांवर, म्हणजे ६६ इंचांवर असला, तरी टोक फरशीला टेकतं, आणि न्हाणीघरातली फरशी ओली असते. आखूड बाजूच्या मधोमध अडकवला तर ६२ इंच लोंबतो, म्हणजे फरशीपासून जेमतेम चार इंच वर.

लांब बाजूच्या मधोमध अडकवून पाहा. आता दोन्ही अंगं सारखी खाली येतात आणि सर्वात खालचं टोक साधारण ४२ इंचांवर थांबतं. त्याच ६६ इंचांच्या हूकवर टॉवेल फरशीपासून दोन फूट वर राहतो. बादलीचे शिंतोडे सहसा तिथवर पोचत नाहीत. शिवाय दोन्ही बाजू सारख्या पडल्यामुळे मोठ्यांच्या चारही टॉवेलांची खालची रेघ एका पातळीत येते.

शिंप्याकडे किंवा शिलाईच्या सामानाच्या दुकानात अर्धा इंच रुंदीची सुती नाडी मिळते. तिचा चार इंचांचा तुकडा घ्या, दुमडा, आणि दुमडलेली टोकं टॉवेलाच्या लांब कडेच्या मधोमध ठेवून चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारा. नुसती एक सरळ शिलाई ओल्या टॉवेलाच्या ओढीनं उसवते. नायलॉनची नाडी घेऊ नका, ती गुळगुळीत असल्यानं हूकवरून घसरते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाडी द्या: आजीची लाल, आजोबांची हिरवी, याप्रमाणे. टॉवेल एका रंगाचे राहतात आणि ओळखही पटते. तोच रंग हूकच्या वर छोट्या ठिपक्यानं रंगवून ठेवला तर लहान मूलही चुकत नाही.

किती हूक, किती अंतरावर

दुकानात एका पट्टीवर पाच-सहा हूक असलेला तयार माल मिळतो. लावायला सोपा आणि स्वस्त, त्यामुळे तोच सगळे घेतात. त्यातले हूक मात्र तीन-चार इंचांवर असतात. त्यावर सहा ओले टॉवेल टांगले की त्यांचा एकच गठ्ठा होतो. बाहेरचे दोन वाळतात आणि मधले चार संध्याकाळपर्यंत दमट राहतात. अशी पट्टी आधीच लावलेली असेल तर एक सोडून एक हूक वापरा, आणि जागा असेल तर दोन सोडून.

लांब बाजूच्या मधोमध टांगलेल्या टॉवेलाला दोन शेजाऱ्यांमध्ये ९ इंच तरी लागतात. आता आपल्या ४ बाय ७ च्या खोलीत मोजू. दार चार फुटांच्या भिंतीत, उघडलं की पल्ला डाव्या लांब भिंतीला टेकतो. नळ आणि बादली आतल्या टोकाला. उजवी लांब भिंत ८४ इंचांची आणि मोकळी. तिच्यातले आतल्या टोकाचे ३० इंच सोडून द्या, तिथे पाणी उडतं. राहिले ५४ इंच. सहा जणांना ९ प्रमाणे बरोबर ५४ लागतात. दाराकडच्या कोपऱ्यापासून पहिला हूक साडेचार इंचांवर, मग दर ९ इंचांवर पुढचा.

सगळे हूक एका उंचीवर लावायचा मोह होतो, पण मुलांचा हात साडेपाच फुटांवर पोचत नाही. मूल मग टॉवेल फेकून अडकवतं आणि तो पडतो. मुलांचे दोन हूक चार फुटांवर घ्या आणि ते दाराकडच्या टोकाला ठेवा, बादलीपासून जितके लांब तितकं बरं. २४ बाय ४८ चा टॉवेल लांब बाजूच्या मधोमध टांगला की ३४ इंच लोंबतो, म्हणजे फरशीपासून १४ इंच वर राहतो. जवळ बादली असती तर एवढी उंची पुरली नसती. मुलं मोठी झाली की वर हूक लावता येईल, पण खालची भोकं राहतात, तेव्हा आत्ताच नीट विचार करा.

हूक एकेरी घ्या. दुहेरी हूकवर टॉवेलावर परकर आणि परकरावर पॅन्ट असं थर चढतं आणि खालचा टॉवेल कुबट होतो. अंघोळीनंतर घालायच्या कपड्यांसाठी दारामागे वेगळे तीन हूक लावा. शेतातून आल्यावर डोक्याचा रुमाल तर न्हाणीघरात आणूच नका. रावेर-यावलकडे केळीचा चीक लागलेल्या रुमालाशेजारी टॉवेल टांगला की त्याचे तपकिरी डाग टॉवेलावर उमटतात आणि ते निघत नाहीत. त्या रुमालाला बाहेर ओट्यावर खिळा ठोकून द्या.

कशाचे घ्यायचे आणि कसे ठोकायचे

क्रोमचा मुलामा दिलेला लोखंडी हूक वर्षभरात बुडाशी गंज सोडतो आणि टाईलवर तपकिरी ओघळ उतरतो. पितळेवर क्रोम असेल तर उत्तम, पण महाग. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण त्यानं ३०४ आणि हलकं २०२ यांतला फरक कळत नाही, कारण चुंबक दोघांनाही सहसा धरत नाही. त्यामुळे पाकिटावर ३०४ छापलेलं आहे ना ते पाहा आणि बिलावर लिहून घ्या.

एवढं करूनही एक चूक बाकी राहते. फरशीवरचे क्षार काढायला आपण ॲसिड टाकतो आणि दार लावून घेतो. त्याच्या वाफेनं ३०४ सुद्धा डागाळतो आणि गंजाचे ठिपके धरतो. ॲसिड वापरावंच लागलं तर दार-खिडकी उघडी ठेवा, टॉवेल आधी बाहेर काढा आणि नंतर हूक-दांडी साध्या पाण्यानं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसा.

टाईलवर चिकटवायचे हूक गुळगुळीत, चकचकीत टाईलवर चालतात. जागा स्पिरिटनं पुसायची, वाळू द्यायची, हूक दाबून लावायचा आणि पूर्ण एक दिवस त्याला काही टांगायचं नाही. खरखरीत टाईलवर किंवा रंगाच्या भिंतीवर ते टिकत नाहीत. भाड्याचं घर असेल तर हाच मार्ग, पण मुलांच्या हूकसाठी नको. मुलं टॉवेल काढत नाहीत, ओढतात.

भोक पाडायचं ठरलं तर आधी बोटाच्या पेरानं टाईल वाजवून पाहा. बद्द, पोकळ आवाज आला तर आत सिमेंट भरलेलं नाही. तिथे टाईल फुटते, जागा बदला. नळाच्या सरळ वर आणि नळाच्या रेषेत आडवं भोक पाडू नका, आत पाइप असतो. गिझरच्या स्विचच्या वर-खालीही नको, तिथून वायर गेलेली असते. मग असं करा:

१. दोरी किंवा पातळीनं एक आडवी रेघ आखा. टाईलच्या सांध्यावर भरवसा ठेवू नका, तो तिरका असू शकतो.
२. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही.
३. ६ मिलिमीटरचा बिट घ्या. ड्रिल मशीनचं हॅमर बंद ठेवून हळू गतीनं टाईलचा थर पार करा. हॅमर चालू ठेवून सुरुवात केली की टाईलला तडा जातो, सर्वात जास्त टाईली अशाच फुटतात.
४. टाईल पार झाली की हॅमर चालू करा आणि एकूण ४० मिलिमीटर आत जा. टाईल आणि मागचा माल मिळून वीस-पंचवीस मिलिमीटर जातात, प्लगची पकड विटेत यायला हवी.
५. भोकातली पूड फुंकून काढा, आत सिलिकॉनचा थेंब सोडा आणि रॉल प्लग टाईलच्या पातळीच्या किंचित आत बसवा. प्लग टाईलमध्येच राहिला तर स्क्रू आवळताना टाईल तडकते.
६. स्क्रूही स्टेनलेसचाच, ३५ मिलिमीटरचा. घट्ट झाला की थांबा.

जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही. तिथे दोन लाकडी चौकटींना जोडून आडवी फळी ठोका आणि हूक फळीवर लावा.

दांडी आणि घडी

दांडी बाहेर, बेसिनजवळ. २४ इंचांची पुरते, भिंतीपासून ती तीन इंच पुढे असावी. याहून जवळ असली की घडी भिंतीला चिकटते आणि टाईलवरची ओल टॉवेलात येते. उंची पाच फूट. दांडीवर मधोमध टाकलेला ६० इंचांचा टॉवेल ३० इंच खाली येतो, म्हणजे जमिनीपासून अडीच फूट वर राहतो.

या दांडीवर पूर्ण वाळलेलाच टॉवेल जातो. लांबीनं तीन पदरी घडी केली की ३० इंचांची रुंदी १० वर येते. अशा दोन घड्या २४ इंचांत बसतात आणि मध्ये, कडेला थोडी मोकळी जागा उरते. दोन पदरी घडीला १५ इंच लागतात, दुसरी मावत नाही. तीन पदरीचा दुसरा फायदा म्हणजे शिलाईच्या कडा आत जातात आणि समोर नुसती गोल दुमड दिसते.

टॉवेल पलंगावर पसरा, नाडी मागच्या बाजूला येईल असा. डावा तिसरा भाग आत घ्या, तळहातानं वरून खाली एकदा फिरवा. उजवा भाग त्यावर आणा. त्याची कडा डाव्या दुमडीच्या अर्धा इंच अलीकडेच थांबवा. अगदी काठोकाठ आणली तर टांगल्यावर ती बाहेर डोकावते. आता दांडीवर टाकताना उघडी कडा भिंतीकडे आणि समोरचं अंग मागच्यापेक्षा एक इंच खाली ठेवा, म्हणजे मागचं अंग दिसत नाही. नेहमी एक जागा पाहुण्यांच्या टॉवेलाला आणि दुसरी हाताच्या नॅपकिनला. नॅपकिन रोज बदला, सहा हात एकाच कापडाला पुसतात.

कपाटात ठेवायचे टॉवेल याच तीन पदरी घडीवरून पुढे दोनदा लांबीनं दुमडा. १० बाय १५ इंचांची घडी येते. तीन फुटांच्या कप्प्यात शेजारी-शेजारी तीन थप्प्या बसतात. गोल दुमड पुढे ठेवा. धुऊन आलेला थप्पीच्या खाली घाला आणि वापरायला वरून काढा, नाहीतर वरचेच दोन झिजत राहतात. ही थप्पी न्हाणीघरात ठेवू नका, पावसाळ्यात कोरडा टॉवेलसुद्धा तिथे दमट होतो.

ऋतूप्रमाणे

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. दार आणि झरोका उघडा ठेवला तर हूकवरचा पातळ टॉवेल दुपारपर्यंत सहज वाळतो. तेव्हा हूक पुरेसा. जून सरला की तसं होत नाही. शेवटची अंघोळ झाली की सहाही टॉवेल गॅलरीतल्या दोरीवर पूर्ण रुंदीनं पसरा आणि संध्याकाळी परत हूकवर आणा. नाडीच्या रंगामुळे कोणाचा कुठे हे विचारावं लागत नाही. कमी झालेली ओल आणि वाळलेला टॉवेल यांतला फरक बोटांना कळत नाही, म्हणून काठ चिमटीत धरून पाहा. काठ आणि नाडीचा जोड सर्वात शेवटी वाळतात.

बोअरच्या पाण्यानं टॉवेल कडक होऊन पत्र्यासारखा उभा राहतो आणि दुमड बसत नाही. त्यावर मऊ करणारं द्रव्य ओतलं तर तो मऊ होतो, पण पाणी टिपेनासा होतो. त्याऐवजी साबण निम्मा करा, एक खळबळ जास्त घ्या आणि शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. ब्लीच वापरलेल्या धुण्यात मात्र व्हिनेगर कधीही नको, त्यातून विषारी वायू सुटतो. वाळत घालण्याआधी टॉवेल दोन्ही टोकांनी धरून दोनदा जोरात झटका. चुण्या जातात, फासे उभे राहतात, आणि वाळल्यावर घडी पहिल्याच फेरीत सरळ बसते.